हप्ता आलाय, फाइल उघडा!

सरकारी पैसा पदरात पडायचा म्हणजे काय दिव्य असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स, मग ती पुसट आली म्हणून पुन्हा झेरॉक्स, आणि शेवटी 'साहेब आज मीटिंगला गेलेत.' अशा काळात कोणीतरी रात्री साडेदहाला तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरपोच योजना आणून देतो, तेही झेरॉक्सशिवाय. या माणसाचे आभार मानायचे सोडून काही लोक त्याच्यावर शंका घेतात. तुम्ही असं करू नका. मी खाली सांगतो तसं वागा. माझ्या तात्यांनी तसंच वागून पाहिलंय, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

पहिलं म्हणजे, मेसेज कोणी पाठवला ते बघू नका. त्यावर पंतप्रधानांचा फोटो आहे ना? अशोकस्तंभ आहे ना? मग झालं. फोटो कोणालाही चिकटवता येतो वगैरे विचार रिकामटेकड्यांनी करावेत.

शेवटची तारीख नेहमी 'आज' असते. यावरून सरकार किती तत्पर झालंय ते कळतं.

लिंक आली तर तिचा पत्ता वाचायचा असेल तर डावीकडून वाचा आणि पहिले दोन शब्द ओळखीचे दिसले की थांबा. म्हणजे `pmkisan.gov.in.kahitari.xyz` असं असेल तर `pmkisan.gov.in` पर्यंत वाचायचं आणि खूश व्हायचं. पुढे शेपटी आहे तिच्याकडे दुर्लक्ष. खरं तर पत्ता उलटा वाचायचा असतो, सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे ते बघायचं असतं, कारण घर कोणाचं ते तिथे लिहिलेलं असतं, आणि `gov.in` हे आडनाव सरकारी कार्यालयांनाच मिळतं. वरच्या पत्त्यात घर 'काहीतरी'चं आहे, पीएम किसान दारावरची नुसती रांगोळी. पण एवढं कोण बघतं? तसंच `pmkisan-gov.in` मधली ती आडवी रेघ. टिंबाच्या जागी रेघ आली म्हणून काय झालं, एवढ्यातेवढ्यावरून योजना सोडायची का?

'पुढे जाण्यासाठी हा मेसेज १० जणांना पाठवा' असं आलं तर १० नाही, २० जणांना पाठवा. तुम्ही खरंच पाठवला की नाही हे त्या पानाला कळतच नाही, ते फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजतं. पण चोराचा पोस्टमन व्हायचा मान असा फुकट मिळत नाही.

आता मुख्य विद्या. लिंक ही आता जुनी झाली. हल्ली थेट फाइल येते. आमच्या भावकीच्या गटात आली तिचं नाव होतं `PM KISAN eKYC.apk`. पाठवणारे आमचे भाऊसाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, गटाचे अ‍ॅडमिन. सोबत मजकूर: 'ज्यांचा हप्ता अडकला आहे त्यांनी त्वरित करून घेणे.' आता गावात हप्ता अडकलेला नाही असा माणूस शोधून दाखवा. तात्यांचा तर खरोखरच अडकला होता. वर्षाचे ६,०००, तीन हप्त्यांत २,०००-२,०००, त्यातला एक आला नव्हता.

तर अशी फाइल आली की काय करायचं? दाबायचं. फोन म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली अ‍ॅप टाकायची परवानगी तुम्ही दिलेली नाही. द्यायची. फोन पुन्हा म्हणतो, हे अ‍ॅप धोकादायक असू शकतं. फोनला काय कळतंय, आणि शेतकऱ्यांच्या योजनेत फोनने नाक खुपसायचं कारण काय! 'तरीही' असं काहीतरी लिहिलेलं बारीक बटण शोधून दाबायचं. तात्यांना ते सापडलं नाही तेव्हा त्यांनी शेजारच्या पोराला हाक मारली. त्या पोराने अर्ध्या मिनिटात करून दिलं. कौतुकास्पद आहे आजची पिढी.

मग अ‍ॅप उघडतं आणि विचारतं, तुमचे एसएमएस वाचू का? इथे फार विचार न करता 'हो' म्हणायचं. हा एक 'हो' म्हणजे घराची किल्ली, तिजोरीची किल्ली आणि कुत्रा कुठे बांधलाय ते, एकदमच. यापुढे बँकेचा जो ओटीपी तुमच्या फोनवर येईल तो त्याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पोहोचणार. 'मी कोणाला ओटीपी सांगितला नाही' असं तुम्ही नंतर बँकेत छाती ठोकून सांगाल, आणि ते खरंही असेल. तात्यांनी कोणालाही ओटीपी सांगितला नाही. त्यांना तर तो दिसलासुद्धा नाही, कारण तात्यांचा चष्मा खिडकीत होता आणि अ‍ॅपचा चष्मा नाकावर.

मग फॉर्म. नाव, आधार, जन्मतारीख, मोबाइल. शेवटी 'खाते पडताळणीसाठी १ रुपया भरा', आणि त्याखाली डेबिट कार्डाचे १६ आकडे, मुदत, मागचे तीन आकडे. इथे तरी थांबायला हवं होतं, तात्या! सरकारला तुमच्या खात्यात पैसे टाकायला कार्ड कशाला लागतंय? हप्ता आधारला जोडलेल्या खात्यात आपोआप येतो, इतकी वर्षं येतच होता, तेव्हा कधी कार्ड दाखवलं होतं कोणाला? पैसे घ्यायला कार्ड लागत नाही, पिन लागत नाही. लागतो तो द्यायला. बाजारात शेळी विकताना समोरचा म्हणाला, 'पैसे देतो, आधी तुमचं पाकीट इकडे द्या,' तर दिलं असतं?

असो. मी उपरोधिक लिहायचं ठरवलं होतं.

१ रुपया भरल्यावर 'आपला हप्ता २४ तासांत जमा होईल' असं हिरव्या अक्षरांत आलं आणि अ‍ॅपचं चित्र फोनमधून गायब झालं. तात्यांना वाटलं, काम झालं म्हणून आपोआप निघून गेलं. रात्री ११ ते साडेअकराच्या दरम्यान ९,९९९, परत ९,९९९ आणि मग १९,५००. एकूण ३९,४९८ रुपये, दोन हजारांच्या हप्त्यासाठी. कांद्याच्या पट्टीचे होते.

सकाळी सहाला तात्यांचं व्हॉट्सअ‍ॅप बंद. त्यांच्या नंबरवरून नातेवाइकांच्या, दूध संघाच्या, भजनी मंडळाच्या अशा सगळ्या गटांत तीच फाइल, आणि भजनी मंडळाचं नाव बदलून 'PM KISAN'. हे कसं झालं ते समजून घ्या, फार सुंदर आहे. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर सुरू करायला सहा आकडी कोड एसएमएसने येतो. एसएमएस वाचणारा पाहुणा घरात बसलेलाच आहे. त्याने कोड घेतला, तात्यांना बाहेर काढलं आणि वर स्वतःचा पिन लावून ठेवला. आपण परत कोड मागवून त्याला हाकलू शकतो, पण त्याचा पिन माहीत नसेल तर खातं उघडायला सात दिवस थांबावं लागतं. आम्ही थांबलो. त्या सात दिवसांत काकूंनी किती जणांना फोन करून 'आमच्या नावाने आलंय ते उघडू नका' सांगितलं याची गणती नाही.

असं झाल्यावर काय करावं? आमच्यासारखं करा. आधी दोन तास 'सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल' म्हणा. मग पोराला फोन करा, तो मीटिंगमध्ये असेल. मग बँक उघडायची वाट बघा. त्याच फोनवरून बँकेला फोन करा, म्हणजे नवीन ओटीपीही पाहुण्याला मिळत राहतील.

नको, हे तरी सरळ सांगतो. सगळ्यात आधी तो फोन विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा, नाहीतर सरळ बंदच करा. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बँकेला कार्ड आणि खातं बंद करायला सांगा. दोन्हीकडचा तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहा. वेळ का, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाची असेल तर कळवण्यापर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आम्ही कळवलं सकाळी सव्वादहाला. पैसे गेले होते रात्री. म्हणजे सगळे आमचेच. पोलिसांत तक्रार `cybercrime.gov.in` वरही करता येते. आणि फोन परत वापरण्याआधी फॅक्टरी रिसेट, कारण चित्र गायब झालं म्हणून अ‍ॅप गेलेलं नसतं. सेटिंगमधल्या यादीत ते कसल्याशा साध्या नावाने बसलेलं असतं.

तात्यांचा हप्ता का अडकला होता ते नंतर कळलं. ई-केवायसी खरोखरच बाकी होतं. गावातल्या सेतूवाल्याने मशीनवर अंगठा घेतला, काम झालं.

आणि आता भाऊसाहेब, तुमच्याकडे येतो. तुम्हाला मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'अरे, मला आलं ते पुढे पाठवलं, चांगल्या हेतूने.' ३२ वर्षं पोरांना 'स्वतः वाचून उत्तर लिहा' म्हणून छड्या मारल्यात ना? मग ही फाइल तुम्ही स्वतः उघडली का नाही? उघडली नाही, कारण तुमच्या नावावर शेती नाही, तुम्हाला हप्ता नाही. स्वतः खाऊन न बघता दुसऱ्याच्या ताटात वाढलंत. तात्या शिकलेले नाहीत. त्यांनी फाइलवर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला. 'मास्तरांनी पाठवलंय' असं ते त्या पोराला म्हणाले, पोरानेच मला सांगितलं. चोर परराज्यात कुठेतरी बसलाय, त्याला तात्यांचं दार माहीत नव्हतं. दार तुम्ही दाखवलंत. आणि तात्या अजून तुम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट मलाच म्हणाले, 'मास्तरांना काही बोलू नको, त्यांना वाईट वाटेल.' वाटू दे की वाईट!

वर तुम्ही मला म्हणालात, मेसेज डिलीट केलाय. केलात, पण 'माझ्यासाठी'. तुमच्या फोनवरून गेला, बाकी ९४ जणांच्या फोनवर तो अजून आहे, मी आज सकाळीच बघितला. त्याखाली कोणीतरी हात जोडलेत. आता 'सर्वांसाठी' काढायची मुदतही उलटली. तेव्हा एक करा. गटातल्या ९४ जणांना स्वतः फोन लावा, मेसेज नाही, फोन, आणि सांगा की ती फाइल मी पाठवली, उघडू नका, उघडली असेल तर १९३० लावा. नंबरांची यादी मी रात्री पाठवतो. पहिलं नाव तात्यांचं आहे.