‘शिट’ हा शब्द जहाजावर जन्मलेला नाही

“सोळाव्या-सतराव्या शतकात जहाजातून वाळलेले शेणखत नेत असत. तळाशी पाणी लागले की ते कुजायचे, मिथेन वायू साठायचा आणि रात्री कोणी कंदील घेऊन खाली उतरला की स्फोट व्हायचा. म्हणून गाठोडी वरच्या बाजूला ठेवावीत यासाठी त्यांवर ‘शिप हाय इन ट्रान्झिट’ असा शिक्का मारू लागले. त्याची आद्याक्षरे म्हणजे ‘शिट’. तशीच ‘फॉर्निकेशन अंडर कन्सेन्ट ऑफ किंग’ ही राजाच्या परवानगीची पाटी दारावर लावत, त्यावरून दुसरा शब्द आला. म्हणजे या मुळात शिव्या नाहीतच! — हे खरं आहे का रे? मी पाठवलंय सगळ्यांना.”

हा निरोप माझ्या मामांनी पाठवला. मामा पलूस तालुक्यात राहतात, चाळीस वर्षे जनावरे सांभाळत आले आहेत आणि त्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे. शेणातून गॅस कसा निघतो हे ज्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यांनीच हा मजकूर आधी पुढे पाठवावा आणि मग खरे-खोटे विचारावे, याचा मला मनापासून राग आला. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आधी शेणाचेच पाहू. मामांची टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा शेणात बरोबरीने पाणी कालवून ते हवाबंद ठेवावे लागले होते, आणि शेगडी पेटण्याइतका गॅस यायला काही आठवडे वाट पाहावी लागली होती. थंडीत तोच गॅस निम्म्यावर येतो, म्हणून मामी दर डिसेंबरात कुरकुरतात. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा चालत नाही आणि ऊब लागते. थंड समुद्रावरच्या जहाजात वाळलेल्या शेणाच्या मोकळ्या गाठोड्यांना थोडे पाणी लागले तर ती आधी नुसती कुजतील, आणि हवा मिळत असेपर्यंत मिथेन फारसा धरणार नाही. शिवाय शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असते. इतके वजन आणि इतका कमी कस असलेला माल समुद्रापार नेणे कोणत्या व्यापाऱ्याला परवडले असते? आपल्याकडे मिरजेचे शेणखत कोणी मुंबईला विकायला नेत नाही, कारण गाडीभाडेच खताच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

यात दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. मिथेन हवेत साधारण 5 ते 15 टक्क्यांपर्यंत मिसळला तर ठिणगीने स्फोट होतो, हे खरे आहे. आणि विष्ठा जहाजाने जात होती, हेही खरे आहे. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या किनाऱ्यावरील बेटांवरून समुद्रपक्ष्यांची सुकलेली विष्ठा युरोपात मोठ्या प्रमाणावर येत असे, कारण तिच्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट असते. पण त्या मालाला ‘ग्वानो’ म्हणत. हा शब्द पेरूतल्या क्वेचुआ भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. ज्या व्यापाराचा पुरावा आहे त्याचा शब्द वेगळाच आहे.

तरीही हे सारे एका अर्थी दुय्यम आहे. उद्या कोणी सिद्ध केले की अशी जहाजे होती, स्फोट झाले आणि गाठोडी वर ठेवण्याचा आदेशही निघाला, तरी त्यावरून शब्द तिथे जन्मला हे सिद्ध होत नाही. घटना शक्य असणे वेगळे आणि शब्दाचा उगम त्या घटनेत असणे वेगळे. भाषाभ्यासक घटनेच्या मागे न लागता आधी एकच प्रश्न विचारतात, की हा शब्द लिखाणात सर्वात जुना कुठे सापडतो?

या एका प्रश्नावरच जहाजाची गोष्ट बुडते. जेफ्री चॉसर हा इंग्रजीतला थोर कवी 1400 साली वारला. त्याच्या ‘कॅन्टरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत एका सज्जन धर्मोपदेशकाचे वर्णन आहे. उपदेशकच मलिन असेल तर लोकांचे काय होणार, हे सांगताना चॉसर म्हणतो की मेंढरू स्वच्छ आणि मेंढपाळ ‘शिटन’ असावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ‘शिटन’ म्हणजे विष्ठेने माखलेला. ही ओळ छापील आवृत्त्यांत कोणालाही पाहता येते आणि तिच्या वाचनाबद्दल वाद नाही. निरोपातल्या सोळाव्या शतकाला तेव्हा अजून शंभर वर्षे अवकाश होता. त्याच्याही मागे, प्राचीन इंग्रजीत, ‘स्किटे’ हे नाम जुलाब या अर्थाने आढळते. म्हणजे जहाजावरच्या कथित शिक्क्याच्या पाच-सहाशे वर्षे आधी हा शब्द चांगला रुळलेला होता.

दुसरी कसोटी भावंड भाषांची, आणि मला ती सर्वांत जास्त पटते, कारण तिच्यात कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. हाच शब्द जर्मनमध्ये ‘शाइसेन’, डचमध्ये ‘स्खायटेन’ आणि स्वीडिशमध्ये ‘स्कीता’ असा आहे. ही साम्ये कानाला सारखी वाटली म्हणून कोणी जोडलेली नाहीत. इंग्रजीत शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी ‘ट’ असतो तिथे जर्मनमध्ये ‘स’ येतो, असा ठरलेला नियम आहे. पाण्याला इंग्रजीत ‘वॉटर’ तर जर्मनमध्ये ‘वासर’, खाण्याला ‘ईट’ तर ‘एसेन’, पायाला ‘फुट’ तर ‘फूस’. ‘शिट’ आणि ‘शाइसेन’ याच रांगेत बसतात. जर्मनमधला हा उच्चारबदल हजार वर्षांपेक्षा जुना आहे. एखादा शब्द इंग्रज खलाशांनी सतराव्या शतकात आद्याक्षरे जुळवून बनवला असेल, तर त्याचे जर्मन भावंड त्या जुन्या बदलातून आधीच कसे गेले?

ही कसोटी परकी वाटू नये म्हणून आपल्याच गोठ्यातला शब्द घेतो. हिंदीत जिथे ‘छ’ आहे, तिथे मराठीत पुष्कळदा ‘स’ येतो. मछलीची मासळी होते, कछुआचा कासव, बछड्याचे वासरू आणि छुरीची सुरी. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ असेल तर त्या ‘स’चा ‘श’ होतो. हिंदीतली छेरी म्हणूनच मराठीत शेळी आहे आणि दोन्हींच्या मागे संस्कृत ‘छगल’ आहे. आता शेण घ्या. गुजरातीत शेणाला ‘छाण’ म्हणतात आणि संस्कृतात ‘छगण’ आहे. ‘छगल’ची शेळी होते त्याच वाटेने ‘छगण’चे शेण होते. उद्या कोणी शेण हा शब्द दोन इंग्रजी आद्याक्षरांतून आला असे लिहून पाठवले, तर मामा एका क्षणात म्हणतील की मग कच्छमधल्या माणसाकडे तोच शब्द कुठून आला. हाच प्रश्न त्यांनी इंग्रजी शब्दाबाबतही विचारायला हवा होता.

नातेच शोधायचे असेल तर ते आद्याक्षरांपेक्षा कितीतरी सुंदर आहे. ‘शिट’च्या मुळाशी ‘वेगळे करणे, तोडणे’ असा अर्थ असलेला इंडो-युरोपीय धातू अभ्यासक मानतात, म्हणजे शरीराने वेगळे केलेले ते. आपला ‘छिद्’ धातू आणि त्यावरून आलेला ‘छेद’ हे शब्द याच कुळातले मानले जातात.

आद्याक्षरांतून शब्द होतच नाहीत असे मी म्हणत नाही. रडार आणि लेझर तसेच झाले आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांत ‘नेहमीसारखाच गोंधळ’ अशा अर्थाचा ‘स्नाफू’ हा शब्द निघाला, आणि त्यातल्या ‘एफ’च्या मागे तर निरोपातली दुसरी शिवीच आहे. पण फरक पाहा. स्नाफूच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींबरोबरच त्याचा विस्तारही सापडतो, कारण शब्द आणि विस्तार एकाच वेळी जन्मले. ‘शिट’चा विस्तार मात्र शब्द म्हातारा झाल्यावर कित्येक शतकांनी उगवतो, आणि असा शिक्का असलेले एकही जुने मालपत्रक या गोष्टीबरोबर कोणी दाखवत नाही. आद्याक्षरे शब्दासारखी उच्चारायची सवय मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. तिला इंग्रजीत ‘अॅक्रोनिम’ हे नावच 1940च्या दशकात रुळले. अशा शब्दांची चारदोन प्राचीन उदाहरणे मिळतात, ती धार्मिक लेखनातली. रोजच्या बोलण्यातला जुना, लहान, घरगुती शब्द कोणी आद्याक्षरांतून आलेला सांगितला, तर तिथेच थांबून पुरावा मागावा.

राजाच्या पाटीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तशी पाटी कोणी पाहिलेली नाही आणि तसा कायदाही कोणी दाखवलेला नाही. पण ‘मुळात शिव्या नाहीतच’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण घरातली मुले तेच उचलतात. त्यात अर्धे तथ्य आहे, आणि तेही फक्त पहिल्या शब्दापुरते. चॉसरने तो नीतिबोध करताना उघड वापरला, म्हणजे तेव्हा तो आजइतका अश्लील मानला जात नसावा. दुसऱ्या शब्दाचे तसे नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, लॅटिन आणि इंग्रजी मिसळून लिहिलेल्या एका कवितेत केंब्रिजच्या मठवासीयांवर आरोप आहे की ते स्वर्गात नाहीत, कारण ते ईली गावच्या बायकांशी ‘ते’ करतात. ते क्रियापद कवीने उघड लिहिलेच नाही. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतले पुढचे अक्षर घातले आहे. ‘एफ’च्या जागी ‘जी’, ‘सी’च्या जागी ‘डी’, ‘ए’च्या जागी ‘बी’, ‘एन’च्या जागी ‘ओ’. एकेक अक्षर मागे सरकवले की लॅटिन प्रत्यय लावलेले ‘फक्कांत’ हे रूप बाहेर येते. जो शब्द पाचशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याला सांकेतिक लिपीत दडवावा लागला, तो राजाच्या परवानगीची सभ्य पाटी होता असे म्हणणे कसे टिकेल?

या दुसऱ्या शब्दाला डच, जर्मन आणि नॉर्वेजियन बोलींत जवळचे शब्द आहेत. त्यांचे एकमेकांशी नेमके नाते कसे आणि त्यामागचे मूळ कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि चांगले कोश तसे स्पष्ट लिहितात. ती जागा मोकळी आहे म्हणून तिथे राजाला आणून बसवता येत नाही. आद्याक्षरांची कथा तिथे बसत नाही, एवढे मात्र त्या कवितेच्या काळावरून आणि त्या भावंडांवरून नक्की सांगता येते.

मामांना मी फोनवर एवढेच म्हटले, की तुम्ही हा निरोप भावकीच्या, दूध संकलनाच्या आणि देवस्थानाच्या अशा तीन गटांवर पाठवला आहे, तर त्या तिन्ही गटांवर चॉसरची मेंढपाळाची ओळ आणि तो 1400 साली वारला हे तुमच्या नावाने लिहा. ते म्हणाले, “छाण-शेणाचं पण लिहितो, ते आपल्या लोकांना लगेच कळेल.” रात्री नऊ वाजता तिन्ही गटांवर त्यांचा मजकूर आला, आणि त्यात त्यांनी शेळीचेही उदाहरण आठवणीने घातले होते.