नव्या सभासदाचं ग्रुपवर स्वागत कसं करावं

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेताना परवानगी विचारू नये. गेटवरच्या रजिस्टरात टेम्पोच्या नंबराशेजारी त्याने मोबाइल नंबर लिहिलेला असतोच, तो टिपून घ्यावा आणि माणूस कपाट जिन्यातून वर चढवत असताना अ‍ॅड करून टाकावं. नाव सांगायची घाई नको. सेक्रेटरींनी ‘बी-७०३ नवीन’ एवढंच लिहावं. पुढची सगळी वर्षं त्याला याच नावाने ओळखायचं आहे.

आता पुष्पगुच्छ. पहिल्याने गुलाबांचा टाकला तर दुसऱ्याने कलशाचा टाकावा, तिसऱ्याने जोडलेले हात, आणि मग ज्यांनी गेल्या गणपतीपासून ग्रुपवर तोंड उघडलेलं नाही त्यांनीही ‘सुस्वागतम’ म्हणून हजेरी लावावी. या गर्दीत सातशेतीनने बिचकत विचारलेलं असतं, ‘नमस्कार, पाणी सकाळी किती वाजता येतं?’ त्याकडे लक्ष देऊ नये. तो प्रश्न पाच मिनिटांत फुलांखाली जातो.

हार घालून झाले की खरा सवाल : ‘ओनर की टेनंट?’ भाडेकरू निघाला तर ‘यांना ग्रुपवर कोणी घेतलं?’ ही चर्चा त्याच्याच देखत, पण तो तिथे नाहीच अशा थाटात करावी. त्यात बॅचलर असेल तर चपलांची संख्या, पार्ट्या आणि संस्कार हे विषय ओघाने येतातच. मूळ मालकाला घर भाड्याने दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावायचं असतं, ते २००१ च्या शासन निर्णयाने सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नेता येत नाही. म्हणजे सेवाशुल्क दोन हजार असेल तर फक्त दोनशे रुपये! एवढ्याशा पैशात शिस्त लागणार कशी? म्हणून ती भाडेकरूला ग्रुपवर लावावी.

मालक निघाला तर मात्र आवाजात मध हवा. फ्लॅट नावावर करताना महापालिका हद्दीत सोसायटीला जास्तीत जास्त पंचवीस हजार हस्तांतरण अधिमूल्य घेता येतं, आणि देणगी म्हणून वर काही उकळता येत नाही. हा नियम घरातल्या मोठ्या माणसाच्या दुखण्यासारखा असतो : सगळ्यांना ठाऊक, पण पाहुण्यांसमोर बोलायचा नाही. आपण लिहायचं, ‘आपल्या कुटुंबात स्वागत! प्रथेप्रमाणे टेरेस वॉटरप्रूफिंग फंडाला पन्नास हजार ऐच्छिक. रविवारपर्यंत.’ ऐच्छिकला मुदत कशी, असा प्रश्न त्याला पडू शकतो. पडू द्यावा. शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवायचं काम कमिटीच्या पुढच्या मीटिंगपर्यंत ‘प्रोसेसमध्ये’ ठेवलं की असे प्रश्न आपोआप बरे होतात. त्याने उपविधींचा हवाला दिलाच, किंवा उपनिबंधक हा शब्द काढला, तर चिडायचं नाही. ‘आपण वकील आहात का?’ एवढंच विचारायचं, आणि शेवटी एक हसरा चेहरा.

नव्या माणसाला जुने मेसेज सहसा दिसत नाहीत, हा त्याचा मोठाच गुण. त्यामुळे सहाशेतीनच्या काकांनी बाथरूमच्या छताचा, ओल पसरून पोपडे सुटलेला फोटो त्याला टॅग करून टाकावा आणि खाली लिहावं, ‘पाच वर्षं सांगतोय.’ ही पाच वर्षं आधीच्या मालकाची होती, पण तो आता पुण्याहून बंगळुरूला गेला, त्याला कुठे शोधणार? गळती वरच्या बाथरूमच्या फरशीच्या सांध्यातून आहे की डक्टमधल्या पाइपातून, हे प्लंबरने वरचं पाणी एक दिवस बंद ठेवून पाहिलं तरी बरंचसं कळेल. पण मग फोटो टाकायला काय उरेल?

याच सुमाराला त्याला पर्सनलवर दोन मेसेज जावेत. एक चेअरमनच्या गोटातून, ‘ए विंगवाल्यांपासून जपून.’ दुसरा ए विंगमधून, ‘टाक्यांच्या बिलाचं खरं कळलं ना तुम्हाला?’ कुठल्या टाक्या, हे त्याला ठाऊक नसणार. दोघांनाही त्याने अंगठा दाखवला की आठवड्याभरात तो दोन्ही गटांचा माणूस होतो, आणि वार्षिक सभेत दोघेही त्याच्याकडे रोखून बघतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो अंगाला साबण लावून नळाखाली उभा असेल आणि नळ नुसता खाकरेल. ओल्या हाताने तो ग्रुपवर विचारेल, ‘पाणी गेलं का?’ तेव्हा एकाने तरी लगेच उत्तर द्यावं, ‘सहा ते सात असतं. ग्रुपवर टाकलेलं असतं, वाचत जा.’