सात सेकंद

"मॅम, व्हॉइस-ओव्हर छान आहे, फक्त ९७ सेकंद झालाय. ९० मध्ये बसवता का प्लीज? नाहीतर आम्हीच स्पीड १.०८ करतो." खाली हात जोडलेला इमोजी. परवा सकाळी क्लायंटकडून आलेला हा मेसेज मी अजून चार वेळा उघडून बघितलाय, आणि दर वेळी तो इमोजी मला हसतोय असंच वाटतं. पाच दिवस, पाच दिवस मी भारतातल्या पहिल्या रेल्वेचं दीड मिनिट सातवी-आठवीच्या पोरांसाठी बसवत होते, आणि यांनी मला सात सेकंदांवरून पकडलं. मानधन किती ते सांगत नाही, एवढंच सांगते की सेकंदाला भाग देऊन बघितलं आणि मग जेवले नाही.

तर विषय सोप्पा. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. मला वाटलं हे तर झोपेतही लिहीन. लिहिलंही. संगणक म्हणाला १५० शब्द. माझा मुलांसाठी वाचायचा वेग मिनिटाला ११०-११५ शब्द, म्हणजे १५० ला ८० सेकंद, वर सुरुवातीचं आणि शेवटचं म्युझिक मिळून दहा, झाले ९०, चहा टाका. आणि रेकॉर्ड केलं तर ९७.

माझी चूक कुठे झाली ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही मनातल्या मनात वाचणं सोडून मोठ्याने वाचल्यावर. संगणकाला "१८५३" हा एक शब्द दिसतो. तोंडाला तो "अठराशे त्रेपन्न" पडतो. "३.३०" दिसायला चिमुकलं, उच्चारायला "साडेतीन". माझ्या स्क्रिप्टमध्ये असे आकडे नऊ होते, वर "ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे" हे कंपनीचं नाव तीनदा, ते बोलताना एकदाच जीभ अडखळली की टेक गेला. शिवाय तारखेनंतर अर्धा सेकंद थांबावंच लागतं, नाहीतर पोराच्या कानात त्रेपन्न शिरायच्या आत बोरीबंदर येऊन उभं राहतं, आणि त्रेपन्न-त्रेसष्ट असा घोळ व्हायला वेळ लागत नाही. हे थांबणं शब्दांच्या मोजणीत कुठेच नसतं. आता मी आकडे आधी अक्षरात लिहून काढते, मग मोजते. पण हे मला पाच वर्षं काम केल्यावर कळलं, त्यामुळे फार बढाई मारत नाही.

रेकॉर्डिंग मी बेडरूमच्या कपाटात करते. दोन रजया, हिवाळ्याचे स्वेटर (डोंबिवलीत स्वेटर कशाला विचारू नका), आणि पंखा बंद. एप्रिलमध्ये. सगळ्यात विनोदी भाग हा की आमची बिल्डिंग रुळांपासून फार लांब नाही, त्यामुळे मी "आणि धुरांच्या रेषा सोडत गाडी निघाली" म्हणते तेव्हाच खरी गाडी भोंगा देते. क्लायंटला मी सांगितलं की हा साउंड इफेक्ट फुकट घ्या, तो म्हणाला हा इलेक्ट्रिकचा आहे मॅम. बरोबर बोलला, त्यामुळे जास्त राग आला.

दिवसा गाड्या म्हणून मी रात्री साडेअकराला रेकॉर्ड करायचं ठरवलं. आणि बरोब्बर चौथ्या टेकला दाराची बेल.

दारात खालच्या मजल्यावरचे काका, बनियन, लुंगी, हातात टॉर्च. रेल्वेत तीस वर्षं टीसी होते, आता सोसायटीचे टीसी आहेत असं समजा.

"काय गं, मघापासून अठराशे त्रेपन्न अठराशे त्रेपन्न करून ओरडतेयस. पैसे हरवले का कोणाचे?"

मी सांगितलं की काम आहे, रेल्वेचा इतिहास, मुलांसाठी. चूक केली. काका आत आले, खुर्ची ओढली, चप्पल काढून नीट एका शेजारी एक ठेवल्या, म्हणजे मुक्काम.

"वाच."

मी वाचलं. "मुंबईच्या सीएसएमटीवरून भारतातली पहिली रेल्वे..."

"थांब. तिकीट?"

"काय?"

"या वाक्याचं तिकीट दाखव. सीएसएमटी कधी झालं?"

मला लाज वाटली, कारण हे मला माहीत होतं आणि तरी लिहून बसले होते. ती इमारत बांधायला घेतली १८७८ ला, १८८७ ला नाव मिळालं व्हिक्टोरिया टर्मिनस. मग १९९६ ला नाव बदललं, २०१७ ला परत बदललं. त्रेपन्न साली तिथे यातलं काहीच नव्हतं, होतं ते बोरीबंदर. मी खोडलं, बोरीबंदर लिहिलं.

"पुढे. पहिली रेल्वे म्हणतेस. तिकीट?"

"काका, सगळीकडे तेच आहे."

"सगळीकडे म्हणजे कुठे? विदाउट तिकीट चारशे लोक चढले म्हणून गाडी फुकट होत नाही गं."

इथे मी मनातून त्यांना शिव्या दिल्या आणि नंतर मान्य केलं. मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच रूळ होते, रस्त्यांचे दगड वाहायला. रुडकीला १८५१ मध्ये कालव्याच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन आणलं होतं. बोरीबंदर-ठाणे ही पहिली प्रवासी गाडी. एक शब्द, "प्रवासी", तीन अक्षरं, अर्धा सेकंद. आणि नेमका तोच शब्द प्रत्येकजण वेळ वाचवायला कापतो, कारण ऐकायला "पहिली रेल्वे" जास्त दणदणीत लागतं.

काकांना आता रंग चढला. वार विचारला, शनिवार सांगितला, म्हणाले "म्हणजे हाफ डे." डबे चौदा, पाहुणे सुमारे चारशे, एकवीस तोफांची सलामी, सगळ्याला मान डोलावत गेले, जसं काही पास तपासून भोक पाडतायत. अंतर चौतीस किलोमीटर. मग आलं ते वेळेचं.

"सत्तावन्न मिनिटं," मी म्हणाले.

"सव्वा तास," काका म्हणाले.

दोन्ही छापलेलं मिळतं, हीच तर गोची. मी तिथेच हिशोब केला. सत्तावन्न मिनिटांत चौतीस किलोमीटर म्हणजे तासाला छत्तीसचा वेग, सव्वा तासात सत्तावीसचा. दोन्ही शक्य. अशा वेळी मोह होतो एक आकडा धरून ठोकून द्यायचा, कारण आकडा म्हटलं की पोरं लिहून घेतात. पण मग तो त्यांच्या वहीत आयुष्यभर बसतो. मी "साधारण तासाभरात" लिहिलं, जे खोटं नाही आणि जिभेलाही सोपं.

"म्हणजे," काका टॉर्च विझवत म्हणाले, "आजच्या ठाणा स्लोइतकंच."

यावर आम्ही दोघं हसलो, आणि मग दोघांनीही हसणं बंद केलं, कारण मी आठवड्यातून चार दिवस त्याच गाडीने उभी जाते. पावणेदोनशे वर्षं होत आली. असो, मधे स्टेशनं वाढली हे मला कळतं, पण माझ्या टाचांना कळत नाही.

आता काका उठतील असं वाटलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"इंजिनांची नावं घातली नाहीस. साहिब, सिंध, सुलतान."

"काका, तिकीट?"

"म्हणजे?"

"तीन इंजिनं होती हे मी घेतलंय. नावांचं तिकीट दाखवा." कारण ते मी आधीच शोधलं होतं. एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे, तिसरं परत पहिल्याकडे. तीस ठिकाणी लिहिलेलं असलं तरी ते तीस साक्षीदार नसतात, एकाच आईची तीस पोरं असतात. दोन जणांनी एकमेकांचं न बघता तेच सांगितलं असेल तर मी आकडा घेते, नाहीतर नाही.

काका गंभीर झाले. "माझं स्टाफ पास आहे," म्हणाले.

"स्टाफ पास इतिहासाला चालत नाही."

"अगं तीस वर्षं नोकरी केलीय!"

"१८५३ पासून?"

इतका वेळ मला सळो की पळो करून सोडणारा माणूस पाच मिनिटं नुसता "सुलतान" म्हणत बसला. सुलतान होतंच, सुलतान काढलं तर काय राहिलं, मुलांना नावं आवडतात. हे शेवटचं मात्र खरं आहे. नावं आवडतात म्हणूनच तर ती टिकतात, खरी असोत नसोत. काका बारा चाळीसला गेले, चप्पल घालताना एकदा परत "सुलतान" म्हणाले.

तर अशा पाच दिवसांनंतर तो मेसेज. स्पीड १.०८ केला तर ९७ चे खरंच ९० होतात, गणित बरोबर आहे त्यांचं. पण शब्दांबरोबर थांबेही आवळले जातात, आणि आठवड्याभरापूर्वी मी ज्या अर्ध्या सेकंदासाठी कपाटात घामाने निथळले तोच पहिला जातो. दुसरा पर्याय त्यांनीच सुचवला होता, "नाना शंकरशेट काढलं तर?" म्हणजे कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांपैकी एक मराठी माणूस जाणार, आणि म्युझिक राहणार.

मी बसले आणि तलवार चालवली. "आजच्या भागात आपण पाहणार आहोत भारतीय रेल्वेचा रंजक इतिहास" हे अख्खं वाक्य गेलं, चार सेकंद, त्यात माहिती शून्य, आणि रंजक आहे की नाही ते पोरं ठरवतील. "चौतीस किलोमीटर म्हणजेच एकवीस मैल" मधले मैल गेले, दीड सेकंद. कंपनीचं लांबलचक नाव दुसऱ्यांदा यायचं तिथे नुसतं "ही गाडी", दोन सेकंद. झाले साडेसात. "प्रवासी" ला अर्धा परत दिला. ९०. नाना शंकरशेट जागेवर, तारखेनंतरचा श्वास जागेवर. पंखा लावला, आडवी झाले.

काल व्हिडिओ तयार होऊन आला. माझा आवाज सुंदर लागलाय, खोटं कशाला बोला. "सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न", अर्धा सेकंद शांतता, "बोरीबंदर", आणि पडद्यावर घुमटासकट, घड्याळासकट, सगळ्या कोरीव कामासकट आख्खं सीएसएमटी. समोर पिवळी-काळी टॅक्सी. वर मोठ्या अक्षरात १८५३.

मी फोन केला. "मॅम, त्या काळचा फोटो मिळत नव्हता, आणि मुलांना ही बिल्डिंग ओळखीची वाटते." मी विचारलं बदलता येईल का. म्हणाला एडिट लॉक झालंय.

रात्री काकांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला, फोन परत दिला, आणि फक्त एवढंच विचारलं, "सुलतान नाही घातलंस ना?"