आधी डिपॉझिट, मग डेटा एंट्री? त्या फॉरवर्डबद्दल थोडं

"घरबसल्या फॉर्म फिलिंग. 5 दिवसात 500 फॉर्म, फॉर्ममागे 30 रुपये. सॉफ्टवेअर किट आणि डिपॉझिट मिळून फक्त 2,500, पहिल्या पेमेंटसोबत रिफंड. लोक डेटा घेऊन पळतात म्हणून डिपॉझिट घ्यावं लागतं. कंपनी रजिस्टर्ड आहे, स्टॅम्प पेपरवर अ‍ॅग्रीमेंट करते, फ्रॉड असता तर केलं असतं का?"

डिपॉझिटपासूनच सुरू करू. डेटा खरंच कुणा बँकेचा नाहीतर हॉस्पिटलचा असता तर तो व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलेल्या अनोळखी माणसाला 2,500 घेऊन दिला असता का कुणी? आणि यात पैसे कामानंतर मिळणार, म्हणजे तुम्ही काम न करता पळालात तर कंपनीचं जातं काय? रिस्क सगळी तुमच्याकडे, तरी डिपॉझिट पण तुम्हीच भरायचं. महा-ई-सेवा केंद्रात फॉर्म भरायचे पैसे ज्याचा फॉर्म आहे तो देतो, भरणारा देत नाही, एवढं साधं आहे हे.

आता किट. आमच्या शेजारच्या वहिनींनी घेतलं होतं म्हणून मी ते जवळून बघितलंय. लॉगिन केलं की डावीकडे फॉर्मचा फोटो, उजवीकडे रिकामे रकाने, कॉपी-पेस्ट बंद. फोटो मुद्दाम धुरकट. शून्य आहे की इंग्रजी ओ, एक आहे की छोटा एल, काही कळत नाही, पत्त्यात मधेच दोन स्पेस, कुठे स्वल्पविरामाआधी स्पेस. आणि नियम असा की जसं दिसतं तसंच टाइप करायचं, एका रकान्यात चूक म्हणजे अख्खा फॉर्म चूक, आणि 90 टक्के फॉर्म बरोबर आले तरच पेमेंट.

खरी गोम या नियमात आहे. एका फॉर्मला 20 रकाने धरा, 500 फॉर्मचे झाले 10,000. तुम्ही इतक्या भारी टायपिस्ट की 100 रकान्यांत एकच चूक. तरी चुका झाल्या 100, त्या विखुरलेल्या असणार, म्हणजे साधारण 90 फॉर्म बाद, अ‍ॅक्युरसी आली 82 टक्के, तुम्ही नापास. वहिनी तर रात्री 1 वाजेपर्यंत बसायच्या, नवऱ्याला पण बसवायच्या मदतीला, आणि रिपोर्ट आला 84 टक्के. कुठले फॉर्म चुकले विचारलं तर म्हणे क्यूसी रिपोर्ट कॉन्फिडेन्शियल आहे 😡 म्हणजे तपासलं तरी का हेसुद्धा कळायला मार्ग नाही. शिवाय डिपॉझिटची रिफंड पहिल्या पेमेंटसोबत, आणि पहिलं पेमेंट तर येतच नाही, हे नीट बघा.

रजिस्टर्डचं म्हणाल तर जे उद्यम सर्टिफिकेट पाठवतात ते कुणालाही ऑनलाइन, फुकट, स्वतःच्या माहितीवर मिळतं. जीएसटी नंबर असला तरी तो टॅक्स भरण्यासाठी असतो, धंदा सचोटीचा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय नंबर दुसऱ्याच कंपनीचा उचललेला असू शकतो, जीएसटीच्या साइटवर टाकून बघा नाव तरी जुळतं का.

आणि अ‍ॅग्रीमेंट. लोकांना वाटतं ते आपल्या सेफ्टीसाठी आहे, पण ते तुम्हाला घाबरवायला असतं. काम फेल झालं की दोन दिवसात "वकिलाचा" कॉल, अ‍ॅग्रीमेंट मोडलं, 5,900 भरा नाहीतर केस, पोलीस घरी येतील. वहिनींना तर नोटिशीचा पीडीएफ आला, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. माझ्या मते 2,500 हे नुसतं आमिष आहे, खरी कमाई या भीतीवर चालते, कारण घरात न सांगता पैसे भरलेले असतात आणि माणूस अब्रूला घाबरून अजून भरतो.

वेळेत टायपिंग झालं नाही हा फार तर दिवाणी वाद, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. दिवाणी कोर्टातसुद्धा कराराच्या कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच आहे, कागदावर लिहिलेला दंड आपोआप मिळत नाही, आणि फसवून घेतलेली संमती असेल तर कलम 19 प्रमाणे करार रद्द करता येतो. उलट फसवणूक हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं म्हणजे बीएनएसचं कलम 318. केस टाकलीय म्हणाले तर सीएनआर नंबर मागा, 16 अक्षर-आकड्यांचा असतो, ई-कोर्ट्सच्या साइटवर टाकला की खरी केस दिसते. वहिनींनी मागितला तर समोरच्याने फोन कट केला आणि पुढे दुसऱ्या नंबरवरून शिव्या. मात्र खरोखर कोर्टाचं समन्स घरी आलं तर ते टाळू नका, वकिलाला दाखवा.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात जातात आणि मग अडवणं अवघड होतं. यूपीआयचा व्यवहार नंबर, चॅट, ते अ‍ॅग्रीमेंट, नोटीस, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढा आणि नंतरच नंबर ब्लॉक करा, कारण त्यांनी मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" केले तर हातात काहीच उरत नाही.