काम बाकी आहे म्हणजे नेमकं कुठं अडलंय?

गणपती तीन आठवड्यांवर आले. मंडळांच्या बैठकांत याद्या वाचल्या जातायत : मंडप सांगितला, साउंड ठरला, अर्ज दिला, मीटरचं बघतो. माझं ठाम मत आहे की आता अशा यादीचा उपयोग नाही. प्रत्येक कामापुढं ते कशासाठी थांबलंय, हे वहीत लिहिलं पाहिजे.

लातूरकडच्या आमच्या मंडळाचं मीटरचंच बघा. महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यायची तर परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. वायरिंग बघितल्याशिवाय तो सही करत नाही, आणि वायरिंगला आधी मंडप उभा पाहिजे. रस्त्यावर मंडप टाकायला नगरपरिषदेची परवानगी लागते, आणि आमची ती फाईल पोलीस ठाण्याच्या ना-हरकतीसाठी थांबलीय. त्यात मंडपवाले काका म्हणतात, "भाऊ, दुसरा हप्ता आल्याबिगर बल्ल्या उतरवत नाही." त्यांचं बरोबरच आहे, मजुरांना त्यांना रोजच्या रोज द्यावे लागतात. वहीत नुसतं 'मीटर बाकी' लिहिलं असतं तर पोरांनी महावितरणातच चकरा मारल्या असत्या. खरं काम ठाण्यात आणि खजिनदाराकडं आहे.

ठाण्यात जाताना अर्जाची पोच हातात पाहिजे, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासकट. क्रमांक सांगितला की कागद कुणाच्या टेबलावर आहे ते लगेच कळतं. 'दिलाय की मागंच' म्हणून कुणी शोधून देत नाही.

आता पैशाचं. पावतीपुस्तकात वर्गणी 1,40,000 दिसते, मंडपाचा विसार देऊन हातात आहेत 52,000. आपल्याकडं बरेच जण मनापासून आकडा लिहितात आणि "सोयाबीन निघाल्यावर देतो" म्हणतात. सोयाबीन मोंढ्यात येतं दसऱ्याच्या आगंमागं. गणपतीत फार तर मूग-उडदाचा पैसा, तोही पावसानं साथ दिली तर. म्हणून खर्च ठरवताना लिहिलेली वर्गणी धरायचीच नाही, हातातली धरायची.

मंडपाचे 60,000 ठरलेत. 20,000 विसार दिला, 20,000 उभारताना, आणि शेवटचे 20,000 मंडप काढून रस्त्यातले खड्डे बुजवल्यावर. हा शेवटचा हप्ता आधी दिला तर खड्डे बुजवायला कुणी फिरकत नाही, म्हणून तो अडवून ठेवायचाच. मूर्ती उचलताना 15,000 द्यायचे आहेत. म्हणजे उरतात 17,000, आणि त्यातच महावितरणची अनामत. साउंडवाल्यांचा तगादा सगळ्यात मोठा आहे, पण त्यांच्यावर दुसरं कुठलंच काम अडलेलं नाही. त्यांना पुढची तारीख लिहून द्यावी, ती पाळावी आणि आधी मंडप उभा करावा.

रविवारच्या बैठकीला ज्यांच्याकडं पोच, विसाराची पावती किंवा वर्गणीची रोकड आहे, त्यांनी ती घेऊनच या.