घड्याळ म्हणतं मी गाढ झोपलो होतो

आमच्या वरच्या टाकीचा बॉलकॉक गेली दोन वर्षं खराब आहे. नळाला पाणी येतं रात्री अडीचच्या सुमारास, पावणेतीनला टाकी भरते, आणि मग ते पाणी शेजारच्या पत्र्यावर असं काही पडायला लागतं की कुणीतरी वरून शेंगदाण्याचं पोतं ओततंय. मग आमच्या दोघांपैकी एकाने उठून, जिना चढून, वॉल बंद करायचा असतो. कोणी, हा प्रश्न लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी सुटलेला नाही. जो आधी हलला तो गेला असा अलिखित नियम आहे, त्यामुळे आम्ही दोघंही पाण्याचा आवाज आला की दगडासारखे पडून राहतो, श्वाससुद्धा मोजून मापून, संथ, झोपलेल्या माणसाचा असतो तसा घेतो.

अशात माझ्या पन्नाशीला लेकीने मला ते झोप मोजणारं घड्याळ दिलं.

पहिले दोन आठवडे मजेत गेले. सकाळी डोळे उघडले की चष्म्याआधी मोबाईल शोधायचा, तिथे रात्रीचा रंगीत पट्टा दिसायचा, गडद निळा म्हणजे गाढ झोप, फिकट निळा म्हणजे हलकी, जांभळा म्हणजे रेम, म्हणजे स्वप्नांची झोप, आणि केशरी म्हणजे जागे. वर शंभरपैकी मार्क. मला बहात्तर, अठ्ठ्याहत्तर असे पडायचे, शाळेत कधी पडले नाहीत तेवढे. मग एका सकाळी मी चांगला ताजातवाना उठलो, शीळ घालत चहा टाकला, आणि पट्टा उघडला तर गाढ झोप फक्त ३४ मिनिटं! मार्क ५८. त्या क्षणी माझे पाय दुखायला लागले. ऑफिसात दिवसभर मी असा वावरलो जणू काल रात्री पालखीबरोबर चालून आलोय.

याच्या आठवडाभराने ती टाकीची रात्र आली. पावणेतीनला पत्र्यावर पोतं ओतायला सुरुवात झाली, मला जाग आली, मी नेहमीप्रमाणे दगड झालो. बाजूचा दगडही हलला नाही. चाळीस मिनिटं पाणी गेलं, मग शेजारच्या काकांनी खालून ज्या शब्दांत हाक मारली ते इथे लिहीत नाही, आणि बायको उठून गेली.

सकाळी अर्थातच कोर्ट भरलं. "अहो, तुम्ही जागे होता." मी म्हटलं, छे. "होता. मला कळतं." तेव्हा मला घड्याळ आठवलं. मी पट्टा उघडला आणि माझाच विश्वास बसेना, २:४५ ते ३:२५, सलग गडद निळा. गाढ झोप! मी मोबाईल तिच्यापुढे असा धरला जसा वकील फोटो पुढे करतो. ती काही बोलली नाही. पण मला मात्र चैन पडेना, कारण त्या चाळीस मिनिटांत मी काय काय विचार केला होता ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं, त्यात प्लंबरच्या शिव्याही होत्या.

माझी भाची एका झोपेच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रविवारी जेवायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन हळूच पट्टा दाखवला. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मामा, झोप डोक्यात असते रे, तू घड्याळ हातात घालतोस."

लॅबमध्ये म्हणे माणसाच्या डोक्यावर पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात, डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीखाली काही, आणि मेंदूच्या लहरी, बुबुळांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण असं सगळं रात्रभर नोंदवतात. मग सकाळी ती रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत पाडायची, आठ तासांचे ९६० तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला एक लेबल लावायचं. गाढ झोप म्हणजे काय तर मोठ्या, संथ लहरी, ज्यांनी त्या तीस सेकंदांचा निदान पाचवा हिस्सा भरला पाहिजे. म्हणजे गाढ झोपेची व्याख्याच मेंदूच्या लहरींवर उभी आहे. "आणि यातलं घड्याळाला काय दिसतं?" मी विचारलं. "काहीच नाही," ती म्हणाली.

मग ते सांगतं कशाच्या जोरावर? तर घड्याळाच्या पोटात एक हिरवा दिवा असतो (तो अंधारात चादरीखालून दिसतो, मला पहिल्या रात्री वाटलं काजवा शिरला). रक्त हिरवा उजेड शोषतं, ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून ठोके मोजायचे, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं तेही बघायचं. शिवाय आत हालचाल टिपणारा सेन्सर. बस, एवढंच सामान, नाडी आणि हात हलला की नाही. आता गंमत अशी की झोपेच्या टप्प्यांप्रमाणे नाडी खरंच बदलते. गाढ झोपेत ती संथ आणि शिस्तीत चालते, श्वास घेताना किंचित जलद, सोडताना किंचित मंद, अशी छान एकसारखी लाट. रेममध्ये श्वास आणि नाडी दोन्ही वेडेवाकडे होतात, पण शरीर मात्र जवळजवळ लुळं असतं. म्हणून मग कंपन्या काय करतात, बऱ्याच माणसांना एकाच रात्री लॅबच्या वायरी आणि घड्याळ दोन्ही घालून झोपवतात, आणि कॉम्प्युटरला शिकवतात की नाडी अशी असताना लॅबचं लेबल हे होतं. पुढे माझ्या मनगटावर ते फक्त अंदाज करतं, अशी नाडी आहे ना, मग बहुतेक हे असेल. थोडक्यात गल्लीत उभं राहून कुकरच्या शिट्ट्यांवरून आत वरण आहे की बटाटे ते ओळखायचं. बरेचदा जमतंही, पण झाकण कुणी उघडलेलं नसतं.

"आणि तू त्या चाळीस मिनिटांत काय करत होतास?" भाचीने विचारलं. मी खरं सांगितलं. न हलता, मुद्दाम संथ, एका लयीत श्वास घेत पडलो होतो. "मग झालं तर. हात हलत नाही, श्वास संथ, त्यामुळे नाडीची लाट एकसारखी. बिचाऱ्याला गाढ झोप वाटली असणार बहुतेक. तू बायकोला फसवायला जे केलंस त्यात घड्याळ फसलं."

हे ती जरा मोठ्याने बोलली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

जागेपण ओळखणं हाच म्हणे या घड्याळांचा सगळ्यात कच्चा विषय. झोपलेल्या माणसाला झोपलेला म्हणायला ती पटाईत, पण न हलता जागा पडलेला माणूसही त्यांना झोपलेलाच वाटतो. म्हणजे ज्याला रात्र रात्र झोप येत नाही आणि जो छताकडे बघत पडून असतो, नेमका त्याचाच पट्टा उगाच छान येतो. हलक्या झोपेचं उलट आहे, रात्रीचा निम्म्याहून जास्त भाग तीच असते, त्यामुळे शंका आली की हलकी म्हणून टाकायचं, निम्म्या वेळा तरी बरोबर येतं, आम्ही परीक्षेत सगळीकडे 'ब' लिहायचो तसं. काही घड्याळं तर वेळेचाही आधार घेतात, गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त आणि रेम पहाटेकडे जास्त असतं हे सर्वसाधारण माणसाचं गणित ठाऊकच असतं ना, मग तसे रंग भरायचे.

मी म्हटलं पण तुमची लॅब तरी अचूक असेल. तर ती म्हणे दोन अनुभवी माणसं एकच रात्र वेगवेगळी तपासायला बसली तरी शंभरातल्या साधारण ऐंशी-ब्याऐंशी तुकड्यांवर एकमत होतं, बाकीच्यांवर नाही. झोप काही जिन्याच्या पायऱ्या चढत नाही, ती उतारावरून घरंगळते, आपण खडूने रेघा मारतो. आता मूळ उत्तरपत्रिकाच अशी असेल तर तिच्यावरून कॉपी करणाऱ्याने ३४ मिनिटं असं मिनिटागणिक कशाला सांगावं, हा माझा खरा राग आहे. "अर्धा ते दीड तास, देव जाणे" असं लिहिलं असतं तर माझे पाय दुखले नसते. हे माझ्या एकट्याचं नाही बरं का, चांगली झोप आकड्यांत मिळवायच्या नादात झोप घालवून बसणाऱ्या लोकांसाठी अमेरिकेतल्या झोपेच्या अभ्यासकांनी २०१७ साली ऑर्थोसोम्निया असा शब्दच काढलाय. त्यांच्याकडे आलेल्या पेशंटांपैकी कुणाला लॅबने गाढ झोप व्यवस्थित आहे असं दाखवलं तरी त्यांचा भरवसा पट्ट्यावरच.

भाची गेल्यावर मी खात्री करायची म्हणून लेकीचं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ मागून आणलं आणि एक रात्र दोन्ही हातांत दोन घालून झोपलो, बायको म्हणाली आता फक्त बेड्या राहिल्या. सकाळी निकाल असा: डावा हात म्हणाला एकूण झोप ६ तास ४८ मिनिटं, उजवा म्हणाला ६ तास ४१. शाब्बास. पण गाढ झोप डाव्या हाताला १ तास ३१ मिनिटं आणि उजव्याला ४७, आणि रेम डाव्याला तासभर तर उजव्याला पावणेदोन तास. माणूस एकच, गादी एकच. तेव्हापासून मी एकूण वेळ आणि रोज झोपायला-उठायला किती वाजतात एवढंच बघतो, रंगांकडे कॅलेंडरवरच्या चित्रासारखं बघतो, बरं असतं.

लेकीचं घड्याळ परत द्यायचं राहून गेलं. ते आता बायको घालते. "बघू तरी काय आहे," एवढंच म्हणाली.

परवा पुन्हा पावणेतीनला पत्र्यावर पोतं ओतायला सुरुवात झाली. मी दगड. शेजारचा दगड माझ्यापेक्षा संथ श्वास घेत होता, इतका सुरेख, लयीत, की मी दोन मिनिटं ऐकतच राहिलो. अंधारात चादरीखालून दोन हिरवे काजवे लुकलुकत होते. पाणी तीन वीसपर्यंत गेलं, काकांनी खालून हाक मारली, मला जावं लागलं.

सकाळी चहाच्या वेळी तिने न बोलता मोबाईल माझ्यापुढे सरकवला. २:४५ ते ३:२०, सलग गडद निळा.

"मार्क ८९," ती म्हणाली. "साखर कमी आहे का हो?"