मुंबईकरांनो, मथळा लिहिताय? आधी 'हे' वाचा, नाहीतर...

घाबरलात ना? छान. बसा, तुमच्यात गुण आहेत.

मी पत्रकार नाही, साधा वाचक आहे. पण गेल्या रविवारी चेंबूरच्या फलाटावर पाऊण तास उभं राहून मथळ्याच्या शास्त्राचा मी जेवढा अभ्यास केला, तेवढा डेस्कवर बसून कुणी केला नसेल. सोबत आत्या होती. वय ७४, नेसणीला इरकल, एका हातात ओटीची पिशवी आणि दुसऱ्या हातात माझा दंड. वाशीला नातीचं डोहाळजेवण, बाराला पोहोचायचं होतं. आम्ही साडेअकराला फलाटावर आलो, तेव्हा इंडिकेटर कोरा होता आणि बाकावर एक कुत्रा झोपलेला होता. रविवारी हार्बरच्या फलाटावर कुत्रा निवांत झोपलेला दिसला की काय समजायचं, ते जाणकारांना सांगायला नको.

बातमी मी वाचली नव्हती असं नाही. शनिवारी रात्री मोबाइलवर आली होती, 'मुंबईकरांनो, रविवारी घराबाहेर पडताय? आधी ही बातमी वाचा!' आज्ञाधारक मुंबईकर असल्याने मी वाचली. पहिल्या परिच्छेदात लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी असल्याचं कळलं. दुसऱ्यात रोज लाखो लोक तिने प्रवास करतात, हे कळलं. मग गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आणि एका नटीचा 'तो' फोटो. तिसऱ्या परिच्छेदात माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर ब्लॉक असल्याचं लिहिलं होतं. आपला काय संबंध, म्हणून मी मोबाइल ठेवून दिला. हार्बरचा ब्लॉक, कुर्ला ते वाशी, सकाळी ११.१० ते दुपारी ४.१०, 'पुढे वाचा' या बटणाखाली होता. हे मला फलाटावर कळलं, कारण तिथे वाचायला वेळच वेळ होता.

तर या अनुभवाच्या जोरावर नवोदित मथळाकारांसाठी काही धडे.

सुरुवात नेहमी हाकेने करा. 'मुंबईकरांनो', 'पुणेकरांनो', 'शेतकऱ्यांनो'. हाक जितकी मोठी, तितकं चांगलं. कुर्ला–वाशी ब्लॉकचा संबंध चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या माणसाशी असला म्हणून काय झालं, विरारच्या माणसालाही घाबरायचा हक्क आहे. असं दहा रविवार झालं की विरारचा माणूस बातमी उघडायची सोडतो. चेंबूरचाही सोडतो. त्यानंतर अकराव्या रविवारी आत्याला घेऊन मी फलाटावर येतो.

नावाच्या जागी 'या' लिहा, तोही अवतरणचिन्हात. 'राज्यातील 'या' जिल्ह्यात उद्या शाळांना सुट्टी'. जिल्ह्याचं नाव लिहायला तीन-चार अक्षरं लागतात आणि 'या'ला एक, ही केवढी बचत! शिवाय पावसाळ्याच्या रात्री साडेदहाला छत्तीस जिल्ह्यांतल्या आया ती बातमी उघडून बघतात. 'या'च्या जागी 'रायगड' लिहिलं असतं तर फक्त रायगडच्या आयांनी उघडली असती आणि बाकीच्या निवांत झोपल्या असत्या. अशाने धंदा कसा चालायचा?

आश्चर्यचिन्ह एक देऊ नका, कंजूष दिसता!!!

आता प्रश्नचिन्ह. हे फार गुणी चिन्ह आहे. खात्री करून घ्यायला चार फोन करावे लागतात, प्रश्नचिन्हाला एक कळ दाबावी लागते. 'अमुक नेते पक्षात नाराज?' नाराज असले तर बातमी आपणच दिली, नसले तर आपण फक्त विचारलं होतं. इयन बेटरिज नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने २००९ मध्ये एक नियम सांगितला, की प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या कुठल्याही मथळ्याला 'नाही' असं उत्तर देता येतं. त्याचं म्हणणं इतकंच, की उत्तर 'हो' आहे याची खात्री असती तर लिहिणाऱ्याने विचारलं कशाला असतं, सरळ सांगितलं असतं. 'उद्यापासून सोनं स्वस्त?' नाही. 'हप्ता आजच खात्यात येणार?' नाही. तुमच्या मोबाइलवर आज आलेल्या मथळ्यांवर हा नियम चालवून बघा, पाच मिनिटं मजेत जातील.

यावर डेस्कवरचं कुणी म्हणेल, प्रश्नार्थक मथळा ही तर मराठीची परंपरा आहे, टिळकांनीच नाही का लिहिलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' लिहिलं ना! जुलै १८९७, 'केसरी'चा अग्रलेख. पुण्यात प्लेगच्या नावाखाली झालेली जबरदस्ती, मग रँडवर गोळ्या, आणि मग सरकारने शहरावर धरलेला डूख, असे ते दिवस. पण तो मथळा पुन्हा एकदा वाचा. त्यात लपवलेलं काय आहे? सरकार कोण ते माहीत, डोकं कुणाचं ते माहीत, आणि उत्तर तर प्रश्नाच्या पोटातच आहे. शेवटचं 'आहे काय' काढून तिथे 'नाही' घातलं की वाक्य पूर्ण होतं, आणि तेच म्हणायचं होतं हे पुण्यातल्या पोरालाही कळत होतं. तिथे प्रश्न म्हणजे आरोप होता आणि तो करणारा त्याची किंमत मोजायला तयार होता. तुमच्या 'घराबाहेर पडताय?' मध्ये कुणावर आरोप आहे? हो, पडतोय! रविवारी डोहाळजेवण आहे, घराबाहेर नाही पडायचं तर काय गच्चीतून ओटी फेकायची? कधी, कुठून, कशी गाडी नाही, एवढं सांगायला तुमचं काय जातं? माहिती तुमच्याकडे होती. रेल्वे ती आधीच कळवते, वेळेसकट, स्थानकांसकट. ती मिळवायला तुम्हाला कुठे जावं लागलं नव्हतं. तुम्ही फक्त ती माझ्यापासून लपवण्याचे कष्ट घेतलेत.

माफ करा, आवाज चढला. धडे देत होतो, नाही का?

भावनेचा धडा राहिला. प्रत्येक बातमीच्या कपाळावर 'धक्कादायक', 'हृदयद्रावक', 'संतापजनक' यातला एक शिक्का मारावा. वाचकाला स्वतःचं काळीज नसतं, त्यामुळे कधी हळहळायचं ते त्याला आधी सांगावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मधलीच गोष्ट घ्या. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात धनादेश आला तो दोन रुपयांचा. याला तुम्ही मथळा द्याल, 'हृदयद्रावक! कांद्याने शेतकऱ्याच्या डोळ्यात आणलं पाणी, रक्कम ऐकून तुम्हीही हादराल'. आणि ज्याला अक्कल आहे तो देईल, '५१२ किलो कांद्याचे हातात आले दोन रुपये'. यात भावनेचा एकही शब्द नाही, तरी घास घशात अडकतो. 'हादराल' म्हटलं की माणूस सावरून बसतो आणि मग हादरत नाही. आकडा समोर ठेवला की त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

भावनेचे शब्द मथळ्यात येऊच नयेत असं नाही. 'संतप्त प्रवाशांनी रूळ अडवले' यातला संताप खरा आहे, तो प्रवाशांचा आहे, बातमीदाराने डोळ्यांनी पाहिलेला आहे आणि त्यातून काही घडलं आहे. तो शब्द काढला तर लोक रुळावर का बसले, ते कळणार नाही. 'संतापजनक!' मधला संताप कुणाचा? एसीत बसलेल्या, पुढच्या अर्ध्या तासात अजून सहा बातम्या सोडायच्या असलेल्या उपसंपादकाचा. त्याला सहा वेळा संताप आला तर ते त्याच्या डॉक्टरांनी बघावं.

आता कुणी विचारेल, सगळं मथळ्यातच सांगितलं तर बातमी उघडेल कोण? हा प्रश्न रास्त आहे, आणि याचं उत्तर मी फलाटावर बसून, आत्याच्या पिशवीतला नारळ मांडीवर घेऊन लिहून काढलं:

'चेंबूर–वाशी लोकल रविवारी ११.१० ते ४.१० बंद, वाशीला जाण्यासाठी ठाण्याचा पर्याय'

स्थानकांची नावं सुरुवातीला, कारण मोबाइलच्या पडद्यावर सूचना पाच-सहा शब्दांनंतर कापली जाते. हाक मारायची गरजच नाही, 'चेंबूर' हीच माझी हाक. विरारचा माणूस हे वाचून पुढे जाईल, जाऊ दे, तो तुमचा वाचक नव्हताच. मी मात्र नक्की उघडीन, कारण आता मला पुढचं हवं आहे. वाशीचं तिकीट ठाण्यामार्गे चालतं का? चालतं, ब्लॉकच्या वेळेत रेल्वे तशी मुभा देते. वाशी ते पनवेल विशेष गाड्या आहेत का? असतात. शेवटची गाडी किती वाजता? काय आणि कुणाला ते मथळ्यात, कसं आणि किती वाजता ते आत. प्रश्नच विचारायचा असेल तर तोही विचारा: 'रविवारी चेंबूरहून वाशीला कसं जाल? ११.१० नंतर लोकल नाही'. हा प्रश्न माझा आहे, माझ्या तोंडचा आहे, 'नाही' म्हणून उडवता येत नाही, आणि आत त्याचं उत्तर आहे. नसेल तर विचारू नका.

हा एक मथळा वाचला असता तर मी आत्याला घेऊन साडेदहाची गाडी पकडली असती. त्याऐवजी टॅक्सीला ४८० रुपये दिले. पोहोचलो तेव्हा ओटी भरून झाली होती, फोटो काढून झाले होते, आणि व्याह्यांकडच्या बायका आत्याला 'उशीर झाला का हो?' असं विचारत होत्या. ती बिचारी 'गाडी नव्हती' एवढंच म्हणाली आणि पिशवी कोपऱ्यात ठेवून बसली.

म्हणून उपरोध बाजूला ठेवून स्पष्ट सांगतो. तुम्हाला लाज वाटायला हवी. तुम्ही मला घाबरवलंत, माझ्याकडून गुडघ्याच्या तेलाची जाहिरात बघून घेतलीत आणि जे सांगायला हवं होतं ते तळाशी गाडलंत. लिहिता येत नाही म्हणून नव्हे. पाच मिनिटांत मला, एका वाचकाला, जमलं ते तुम्हाला जमत नाही हे मी मानणार नाही. पुढच्या शनिवारी ब्लॉकची बातमी कराल, तेव्हा स्थानकाचं नाव आणि वेळ पहिल्या ओळीत लिहा. आणि ते 'मुंबईकरांनो' बंद करा. आत्या परतीच्या वाटेवर माझा मोबाइल घेऊन तो मथळा मोठ्याने वाचत होती, आणि टॅक्सीवाला हसत होता.